दाराला पोचा पडला, क्लेम घ्यायचा का?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना गाडी खांबाला घासते. मागच्या दाराला पोचा पडतो, बंपरचा कोपरा तडकतो, रंग खरवडून आतला पत्रा दिसायला लागतो. वर्कशॉपमध्ये गाडी नेली की सर्व्हिस अॅडव्हायझर एस्टिमेट हातात ठेवतो आणि म्हणतो, "सर, इन्शुरन्स चालू आहे ना? मग क्लेममध्ये करून टाकू. तुमच्या खिशातून थोडेच जातील." घरी आल्यावर भाऊजी सांगतात, "अजिबात क्लेम घेऊ नका, बोनस जाईल." दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतात, पण हिशेब दोघांनीही केलेला नसतो. तो करायला कागद-पेन आणि आपल्या पॉलिसीतला एक आकडा एवढंच पुरतं.

बोनस कशावर मिळतो?

मोटार विम्याचा हप्ता दोन भागांचा असतो. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा. तो कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. दुसरा 'ओन डॅमेज'चा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा. नो क्लेम बोनस, बोलण्यातला 'एनसीबी', फक्त या दुसऱ्या भागावर मिळतो. त्यामुळे "माझा हप्ता पंधरा हजार, बोनस पन्नास टक्के, म्हणजे साडेसात हजार वाचतात" हा हिशेब चुकतो. थर्ड पार्टीच्या भागावर बोनसचा काहीही परिणाम होत नाही.

बोनसच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. एक वर्ष क्लेम नसेल तर पुढच्या नूतनीकरणात २० टक्के सूट मिळते. सलग दुसऱ्या वर्षानंतर २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५ आणि पाचव्यानंतर ५० टक्के. त्यापुढे पायरी नाही. वर्षात एक जरी ओन डॅमेजचा क्लेम घेतला, मग तो तीन हजारांचा असो की तीन लाखांचा, पुढच्या नूतनीकरणात बोनस थेट शून्यावर येतो. एखादी पायरी खाली यावं असा प्रकार यात नाही. छोट्या क्लेमच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे, कारण बोनस जाताना नुकसान किती मोठं होतं हे पाहिलं जात नाही.

नुकसान एका वर्षाचं नसतं

बहुतेक जण क्लेमची तुलना पुढच्या वर्षीच्या वाढलेल्या हप्त्याशी करतात आणि तिथेच थांबतात. पण शून्यावर आल्यावर पुन्हा ५० टक्क्यांपर्यंत चढायला पाच वर्षं लागतात. त्या प्रत्येक वर्षी, क्लेम घेतला नसता तर मिळाली असती त्यापेक्षा कमी सूट मिळते.

समजा, आज तुमच्या पॉलिसीवर ३५ टक्के बोनस आहे. क्लेम घेतला नाही तर पुढची पाच नूतनीकरणं ४५, ५०, ५०, ५०, ५० अशी होतील. क्लेम घेतला तर ती ०, २०, २५, ३५, ४५ अशी होतील. दरवर्षीचा फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के. सगळा मिळून १२० टक्के. म्हणजे ओन डॅमेजच्या एका वर्षाच्या पूर्ण हप्त्यापेक्षाही जास्त रक्कम हातची जाते, फक्त ती पाच वर्षांत विभागून जाते म्हणून जाणवत नाही.

हाच हिशेब प्रत्येक पायरीसाठी केला तर असं चित्र दिसतं:

- आज बोनस ० टक्के: एकूण तोटा ५० टक्के
- आज २० टक्के: ८० टक्के
- आज २५ टक्के: १०५ टक्के
- आज ३५ टक्के: १२० टक्के
- आज ४५ किंवा ५० टक्के: १२५ टक्के

हे टक्के बोनस वजा करण्याआधीच्या ओन डॅमेज हप्त्याचे आहेत. तो आकडा पॉलिसीत शोधणं सोपं आहे. हप्त्याच्या तक्त्यात नो क्लेम बोनसची वजावट रुपयांत दिलेली असते. २,९४० रुपये वजा झाले असतील आणि बोनस ३५ टक्के असेल, तर मूळ हप्ता ८,४०० रुपये.

यात दोन गोष्टी अजून मिसळायला हव्यात. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी कमी होते, तसा ओन डॅमेजचा हप्ताही साधारण उतरत जातो. त्यामुळे खरा तोटा थोडा कमी होतो. दुसरीकडे हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यानं तोटा थोडा वाढतो. या दोन्ही गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी भरून काढतात, म्हणून अंदाजासाठी वरचे टक्के तसेच वापरले तरी चालतात. पुढची पाच वर्षं दुसरा क्लेम घ्यावा लागणार नाही, हे मात्र त्यात गृहीत आहे. मध्येच मोठा अपघात झाला तर बोनस तसाही गेला असता, आणि तिथून पुढचा तोटा या छोट्या क्लेमच्या नावावर मांडता येणार नाही. गाडी रोज गर्दीतून चालत असेल, घरात नवशिका चालक असेल, तर वरचा आकडा थोडा कमी धरणं योग्य ठरेल.

एक हिशेब पूर्ण करून पाहू

पुण्यातल्या एका कुटुंबाची चार वर्षांची होत आलेली छोटी पेट्रोल कार धरू. इंजिन १५०० सीसीच्या आतलं, पॉलिसीवर ३५ टक्के बोनस. पुढच्या वर्षी बोनस वजा करण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता ८,००० रुपये येईल असा अंदाज. झीरो डेप्रिसिएशनचं जोडकव्हर घेतलेलं नाही. नुकसान सुरुवातीला सांगितलं तेच: मागच्या दाराला पोचा आणि बंपरचा तडकलेला कोपरा.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट करासह असं: दाराचं डेंटिंग १,८०० रुपये, दाराचं पेंटिंग ४,४००, नवा बंपर ३,०००, त्याचं पेंटिंग ४,०००. एकूण १३,२०० रुपये.

क्लेम घेतला तर विमा कंपनी यातले सगळे पैसे देत नाही. नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या नव्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून त्याचे १,५०० रुपये आपले. रंगकामात घसारा फक्त रंगाच्या साहित्यावर लागतो, मजुरीवर नाही. बिलात दोन्ही वेगळे दाखवलेले नसतील, तर एकूण पेंटिंगचा एक चतुर्थांश भाग साहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. इथे ८,४०० रुपयांच्या पेंटिंगमध्ये साहित्य २,१०० चं, कपात १,०५० रुपयांची. डेंटिंगच्या मजुरीवर घसारा नाही. दार दुरुस्त न करता बदललं असतं, तर पत्र्याच्या भागावर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा लागला असता, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. शेवटी प्रत्येक क्लेममध्ये सक्तीची वजावट असते. खासगी कारसाठी ती १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये. म्हणजे मालकाच्या खिशातून १,५०० अधिक १,०५० अधिक १,०००, एकूण ३,५५० रुपये जातील आणि विमा कंपनी ९,६५० रुपये देईल.

आता बोनसची बाजू. पुढच्या पाच वर्षांत मूळ हप्ता ८,०००, ७,४००, ६,८००, ६,२०० आणि ५,७०० असा उतरत जाईल असं धरलं, तर बोनसमधला फरक दरवर्षी ३,६००, २,२२०, १,७००, ९३० आणि २८५ रुपये येतो. बेरीज ८,७३५, जीएसटी धरून सुमारे १०,३०० रुपये.

फक्त पुढच्या वर्षाकडे पाहिलं असतं, तर करासह सव्वाचार हजारांच्या आसपास जास्त भरून ९,६५० रुपये मिळतात, असा सरळ फायद्याचा व्यवहार दिसला असता. पाच वर्षांचा हिशेब मांडल्यावर तो किंचित तोट्यात जातो.

शिवाय यात तिसरा रस्ता राहून गेला. क्लेम घ्यायचा नसेल, तर दुरुस्ती अधिकृत वर्कशॉपमध्येच करायला हवी असं नाही. त्याच भागातला एखादा चांगला डेंटिंग-पेंटिंगवाला बंपर न बदलता प्लॅस्टिक वेल्डिंगनं जोडून, दोन्ही पॅनेल रंगवून समजा ७,५०० रुपयांत काम करून देतो. मग तीन रस्ते असे दिसतात. क्लेम घेतला तर स्वतःचे ३,५५० आणि बोनसचे १०,३००, म्हणजे सुमारे १३,८५० रुपये. वर्कशॉपमध्ये स्वतः पैसे भरले तर १३,२००. बाहेरच्या गॅरेजमध्ये भरले तर ७,५००. या कुटुंबानं क्लेम घेऊ नये.

झीरो डेप्रिसिएशनचं कव्हर असतं तर घसाऱ्याची कपात वाचून स्वतःचा वाटा १,००० वर आला असता आणि क्लेमचा रस्ता सुमारे ११,३०० रुपयांना पडला असता. वर्कशॉपमध्ये रोखीनं करण्यापेक्षा स्वस्त, पण बाहेरच्या गॅरेजपेक्षा महागच. सर्व्हिस अॅडव्हायझर "थोडेच जातील" म्हणतो ते या हजार रुपयांबद्दल खरं असतं. बोनसचे पैसे त्याच्या बिलात येत नाहीत, म्हणून त्याच्या बोलण्यातही येत नाहीत.

दुरुस्तीची खरी किंमत आधी काढा

सगळा निर्णय दुरुस्तीच्या आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो पहिल्या एस्टिमेटपेक्षा बराच वेगळा निघू शकतो. ओरखड्यावर पाणी टाकलं आणि तो दिसेनासा झाला, नखही अडकलं नाही, तर तो बहुधा फक्त वरच्या पारदर्शक थरात, क्लिअर कोटमध्ये आहे. रबिंग-पॉलिशनं तो जातो, पॅनेल रंगवावं लागत नाही. पोचा आहे पण रंग तडकलेला नाही, तर रंग न लावता आतून दाब देऊन पत्रा सरळ करणारे कारागीर शहरांत मिळतात. पत्र्याची घडी किंवा कडा दबली असेल, तर मात्र ते जमत नाही.

रंग निघून पत्रा उघडा पडला असेल, तर क्लेमचा निर्णय काहीही असो, काम लांबवू नये. पावसाळ्यात, त्यातही कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत, उघडा पत्रा गंजायला लागतो आणि गंज रंगाच्या कडेखाली शिरत जातो. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम देताना तीन गोष्टी विचाराव्यात: गाडीच्या कलर कोडप्रमाणे रंग मिळवणार का, रंगकाम बंद बूथमध्ये होणार का, आणि पोचा पत्रा ओढून काढणार की पुट्टी भरून? जाड पुट्टी काही काळानं तडकते. काम झाल्यावर गाडी उन्हात उभी करून शेजारच्या पॅनेलशी रंग जुळतो का ते पाहावं, कारण गॅरेजच्या दिव्याखाली फरक कळत नाही.

उलटही होऊ शकतं. बाहेरून किरकोळ वाटणाऱ्या धक्क्यात बंपरच्या आतला सपोर्ट वाकलेला, पार्किंग सेन्सर निकामी झालेला किंवा दिव्याचं ब्रॅकेट तुटलेलं असतं. धक्का बंपरला बसला असेल, तर तो उघडून पाहिल्याशिवाय "खिशातून करू" असं ठरवू नका. आणि कोणाला इजा झाली असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवून पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवायलाच हवं.

उत्तर कधी बदलतं?

तेच नुकसान पहिल्या वर्षातल्या नव्या गाडीला झालं असतं तर? मूळ हप्ता १०,००० रुपये धरा. बोनसची शिडी अजून चढायलाच सुरुवात झालेली नाही, त्यामुळे पाच वर्षांचा एकूण तोटा साधारण पाच हजार. नव्या गाडीला झीरो डेप्रिसिएशन बहुतेक घेतलेलं असतं, म्हणून स्वतःचा वाटा १,०००. क्लेमचा रस्ता सहा हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे बाहेरच्या गॅरेजपेक्षाही कमी. शिवाय रंगाची आणि गंजाची वॉरंटी चालू असताना काम अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेलं बरं. इथे क्लेम घेणं योग्य.

त्याच वर्षात आधी एक क्लेम झाला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. त्याच पॉलिसीत दुसरं नुकसान झालं, तर बोनसच्या नावानं आणखी काही जात नाही, फक्त वजावट आणि घसारा पाहायचा. झीरो डेप्रिसिएशनमध्ये वर्षाला दोनच क्लेम अशी मर्यादा अनेक कंपन्या ठेवतात, तेवढी तपासावी.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी कार विकून नवी घेतली, तर विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन तो नव्या कारला लावता येतो. हे पत्र तीन वर्षं चालतं. जुन्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता तीन हजारच असेल, तर ५० टक्के बोनसची किंमत किरकोळ वाटते. पण पुढच्या वर्षी घ्यायच्या मोठ्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता २२,००० असेल, तर त्याच बोनसची किंमत पहिल्याच वर्षी ११,००० रुपये होते. नवी गाडी घेण्याचा विचार असेल, तर हिशेबात नव्या गाडीचा हप्ता धरा. गाडी विकून परत घ्यायचीच नसेल, तर बोनस राखून काही हाती लागत नाही. आणि पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर क्लेम न घेताही बोनस जातो.

'एनसीबी प्रोटेक्ट' नावाचं जोडकव्हर असेल, तर ठरावीक संख्येपर्यंत क्लेम घेऊनही बोनस टिकतो. किती क्लेम, कुठल्या नुकसानीला, आणि दुसऱ्या कंपनीत गेल्यावर तो मानला जाईल का, हे नूतनीकरणाआधी लेखी विचारून ठेवावं.

दोन वाटा ज्यांनी जाऊ नये

"क्लेम घेताच आहात, तर जुने ओरखडेही त्यातच काढून घेऊ" असं काही ठिकाणी सुचवलं जातं. प्रत्येक घटना हा वेगळा क्लेम असतो आणि त्याला वेगळी वजावट लागते. सर्व्हेअर खुणांची उंची, दिशा, त्यात बसलेली धूळ आणि गंज पाहतो. उजव्या फेंडरवरचा जुना चरा डाव्या दाराच्या अपघातात बसत नाही. खोटी घटना सांगितल्यानं खरा क्लेमही अडचणीत येतो.

दुसरी वाट नूतनीकरणाच्या वेळची. कंपनी बदलताना "गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देऊन बोनस कायम ठेवता येतो असं काहींना वाटतं. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून हे पडताळू शकते. खोटी माहिती उघड झाली, तर ओन डॅमेज भागाचे सगळे लाभ रद्द होऊ शकतात. चार हजारांच्या बोनससाठी चार लाखांची गाडी विम्याशिवाय चालवण्यासारखंच ते आहे.

मर्यादा आधीच ठरवा

नुकसान झाल्यावर वेळ थोडा असतो. क्लेम घ्यायचा असेल, तर विमा कंपनीला लगेच कळवावं लागतं आणि सर्व्हे होण्याआधी दुरुस्ती सुरू करता येत नाही. ओरखडा सहा महिने तसाच ठेवून मग क्लेम मागायचं ठरवलं, तर कंपनी विलंबाचं कारण विचारणारच. म्हणून त्याच दिवशी फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, दोन ठिकाणची एस्टिमेट घ्या आणि एक-दोन दिवसांत निर्णय करा. चौकशीसाठी फोन केला आणि क्लेम नंबर पडला, पण नंतर विचार बदलला, तर क्लेम मागे घेऊन बंद झाल्याचं लेखी मागून घ्या. क्लेम प्रलंबित दिसला, तर नूतनीकरणात बोनस अडू शकतो.

याहून चांगलं म्हणजे, हा हिशेब पॉलिसी हातात येईल त्याच दिवशी करून ठेवावा. बोनसच्या वजावटीवरून मूळ हप्ता काढा, आपल्या पायरीचे टक्के लावा, त्यात सक्तीची वजावट आणि साधारण घसारा मिळवा. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबासाठी हा आकडा सुमारे १३,८५० रुपये येतो. तो पॉलिसीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वर्षभरात जे नुकसान चांगल्या गॅरेजमध्ये त्यापेक्षा कमी पैशांत नीट दुरुस्त होतं, ते खिशातून करा. त्यापेक्षा जास्त असेल, तर बोनस जाईल म्हणून कचरू नका, क्लेम घ्या. हप्ता आपण त्यासाठीच भरलेला असतो.